डोळे चकचकीत, कल्ले लाल, तरी लॉट नापास: मासळीच्या ताजेपणाच्या चाचण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातल्या मासळी प्रक्रिया कारखान्यांना माल देणारे व्यापारी, बोटवाले आणि प्रयोगशाळेत नव्याने आलेली मुलं हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. बहुतेक उत्तरांत मी बांगड्याचं उदाहरण घेतलं आहे, कारण निर्यातीच्या चाचणीत सगळ्यांना चकवतो तो हाच मासा.

मासळीच्या तपासणीत ताजेपणा म्हणजे नेमकं काय पाहतात?

दोन वेगळे प्रश्न विचारले जातात आणि लोक ते एकच समजतात. पहिला प्रश्न, हा मासा किती शिळा झाला आहे? दुसरा प्रश्न, हा खाल्ल्यावर माणूस आजारी पडेल का? पहिल्याचं उत्तर डोळे, कल्ले, वास, अंगाचा कडकपणा आणि टीव्हीबी-एन नावाची रासायनिक चाचणी देतात. दुसऱ्यासाठी जंतूंच्या आणि जड धातूंच्या चाचण्या असतात, आणि बांगडा, तारली, सुरमई, कुपा अशा माशांसाठी खास हिस्टामिनची. पहिल्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवलेला मासा दुसरीत सपशेल पडू शकतो. या पानावरचे निम्मे प्रश्न त्यातूनच निघाले आहेत.

निर्यातीच्या मालाला आरोग्य प्रमाणपत्र देण्याचं काम भारतात निर्यात तपासणी परिषदेच्या अखत्यारीतल्या संस्था करतात. 1963 च्या निर्यात गुणवत्ता नियंत्रण व तपासणी कायद्याने ही व्यवस्था उभी राहिली. देशातल्या बाजारासाठीचे निकष अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरण ठरवतं.

डोळे आणि कल्ले बघून कितपत कळतं?

बरंच कळतं, पण बघणाऱ्याला मासा माहीत हवा. ताज्या बांगड्याचा डोळा फुगीर असतो, बाहुली काळीभोर आणि वरचा पडदा काचेसारखा. दिवस जातात तसा डोळा आधी सपाट होतो, मग आत जातो, बाहुली राखाडी पडते. कल्ले गडद लाल असतात, ते विटकरी होत होत तपकिरी होतात आणि त्यांच्यावरचा पारदर्शक बुळबुळीतपणा दुधासारखा गढूळ होतो. वास आधी समुद्राचा, शेवाळाचा येतो, मग काहीच येत नाही, मग आंबूस येतो. मधला हा ‘काहीच न येण्याचा’ टप्पा नवख्यांच्या लक्षात राहत नाही.

युरोपीय बाजारात या लक्षणांवरून एक्स्ट्रा, ए आणि बी अशा प्रती लावतात. त्याखालचा माल माणसांच्या खाण्यासाठी विकता येत नाही. प्रयोगशाळांत आणखी एक पद्धत वापरतात. प्रत्येक लक्षणाला शून्यापासून साधारण तीनपर्यंत दोषगुण द्यायचे आणि बेरीज करायची. बर्फातले दिवस वाढतात तशी ही बेरीज जवळपास सरळ रेषेत वाढते, म्हणून त्या माशाचा तक्ता आधी बनवलेला असेल तर बेरजेवरून मासा किती दिवस बर्फात होता याचा अंदाज बांधता येतो.

फसगत होते ती बर्फामुळे. वितळलेल्या बर्फाचं पाणी गोडं असतं. मासा त्यात बुडून राहिला तर डोळे लवकर धुरकट होतात आणि कल्ल्यांचा रंग धुऊन जातो, पण मांस उत्तम असू शकतं. उलटही होतं. त्याबद्दल पुढे हिस्टामिनच्या प्रश्नात.

पोट फुटलेला बांगडा सडका असतो का?

नेहमीच नाही. भरपूर खाद्य खाल्लेला बांगडा किंवा तारली जाळ्यात आली की त्यांच्या आतड्यातले पाचक रस मेल्यानंतरही काम करत राहतात आणि पोटाची पातळ भिंत आतून विरघळवतात. इथे अजून जंतूंचा हात नसतो. त्यामुळे सकाळी धरलेला मासा संध्याकाळी पोट फुटलेला दिसू शकतो आणि तरी त्याचा टीव्हीबी-एन अगदी कमी असतो. पण आतड्यातले जंतू आता मांसापर्यंत थेट पोचतात, म्हणून कारखान्यात असे मासे वेगळे काढतात. ‘मासा ताजाच होता’ ही बोटवाल्याची तक्रार खरी असते आणि माल परत करणाऱ्याचं म्हणणंही खरं असतं.

टीव्हीबी-एन म्हणजे काय आणि तो कसा काढतात?

लांबलचक नाव आहे: एकूण बाष्पशील क्षारीय नायट्रोजन. समुद्री माशाच्या मांसात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं बिनवासाचं संयुग असतं. जंतू वाढले की ते त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात. मासळी बाजारात ज्याला आपण ‘मच्छीचा वास’ म्हणतो तो मुख्यतः याचा. पुढे प्रथिनं मोडू लागली की अमोनिया येतो. हे सगळे उडून जाणारे क्षार एकत्र मोजले की टीव्हीबी-एन मिळतो.

युरोपीय संदर्भ पद्धतीत 10 ग्रॅम कुटलेलं मांस 90 मिलिलिटर सौम्य परक्लोरिक आम्लात घुसळून गाळतात. गाळलेल्या द्रावातला 50 मिलिलिटर भाग सोडियम हायड्रॉक्साइडने क्षारीय करून त्यातून वाफ सोडतात. वाफेबरोबर निघालेले क्षार बोरिक आम्लात पकडतात आणि 0.01 तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लाने मोजतात. हिशेब असा:

```
TVB-N (mg/100 g) = (V1 − V0) × 0.14 × 2 × 100 / M
```

`V1` म्हणजे नमुन्याला लागलेलं आम्ल मिलिलिटरमध्ये, `V0` म्हणजे मांस न घालता केलेल्या कोऱ्या चाचणीला लागलेलं आणि `M` म्हणजे मांसाचं वजन. समजा नमुन्याला 7.2 मिलिलिटर लागलं आणि कोऱ्या चाचणीला 0.2. फरक 7.0, आणि मांस बरोबर 10 ग्रॅम असेल तर प्रत्येक मिलिलिटर म्हणजे 2.8 मिलिग्रॅम. उत्तर 19.6. युरोपात काही ठरावीक माशांच्या गटांसाठी 100 ग्रॅमला 25 ते 35 मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत आणि समुद्री माशांबाबत 35 हा आकडा सर्वसाधारणपणे कानावर पडतो. म्हणजे हा बांगडा आरामात पास.

आता या चाचणीची उणी बाजू. पहिले काही दिवस बर्फातल्या माशाचा टीव्हीबी-एन जवळजवळ हलतच नाही. जंतूंची संख्या खूप वाढल्यावर तो एकदम चढतो. त्यामुळे दोन दिवसांचा मासा आणि पाच दिवसांचा मासा यांतला फरक त्याला सांगता येत नाही, ‘आता हद्द झाली’ एवढंच सांगता येतं. सुरुवातीच्या दिवसांसाठी के-व्हॅल्यू वापरतात. मासा मेल्यावर स्नायूतला ऊर्जेचा साठा पायरीपायरीने मोडत जातो, त्यातल्या शेवटच्या पायऱ्यांवर किती टक्के पोचलं ते यात मोजतात. जपानमध्ये कच्चा खायचा मासा 20 टक्क्यांच्या आत असावा असा संकेत आहे.

मुशीचा टीव्हीबी-एन नेहमी जास्त का येतो?

मुशी, पाकट यांच्या मांसात निसर्गतःच भरपूर युरिया असतो. जंतू त्याचा अमोनिया करतात आणि तो लवकर होतो. बांगड्याचा निकष मुशीला लावला तर चांगली मुशीही नापास होईल. गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्याचं उलट आहे: त्यांच्यात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड फार थोडं असतं, म्हणून ट्रायमिथाइलअमाइनचा आकडा कमी आला तरी मासा ताजा आहे असं म्हणता येत नाही. चाचणीचा आकडा हातात आला की आधी मासा कोणता ते विचारा.

हिस्टामिन कुठून येतं? आमचा मासा तर वासालाही चांगला होता.

बांगडा आणि कुपा हे सतत वेगाने पोहणारे, गडद मांसाचे मासे. त्यांच्या स्नायूंत हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल मोकळ्या रूपात भरपूर असतं. कल्ल्यांत आणि आतड्यात राहणाऱ्या काही जंतूंकडे, विशेषतः मॉर्गेनेला मॉर्गेनी याच्याकडे, हिस्टिडिनचं हिस्टामिन करणारं विकर म्हणजे एन्झाइम असतं. मासा जिवंत असताना हे जंतू मांसात शिरू शकत नाहीत. मेल्यावर अटकाव संपतो.

या जंतूंना ऊब आवडते. तापमान 21 अंशांच्या वर गेलं की काम झपाट्याने होतं, आणि आपल्याकडे ऑक्टोबरच्या दुपारी डेकवर ठेवलेल्या माशाचं तापमान 30 च्या घरात असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनात हवेचं किंवा पाण्याचं तापमान 28.3 अंशांहून जास्त असेल तर मासा मेल्यापासून 6 तासांच्या आत बर्फात गेला पाहिजे असं म्हटलं आहे. अरबी समुद्राचं पृष्ठभागाचं पाणी वर्षातले बरेच महिने या आकड्याच्या आसपास असतं, तेव्हा आपण 6 तास हीच मर्यादा धरलेली बरी.

सडका वास आणणारे जंतू वेगळे, हिस्टामिन करणारे वेगळे. उबेत सात-आठ तास राहून नंतर नीट बर्फात गेलेल्या माशात हिस्टामिन आधीच तयार झालेलं असतं, आणि वास आणणाऱ्या जंतूंना बर्फाने रोखलेलं असतं. डोळे चकचकीत, कल्ले लाल, टीव्हीबी-एन 19, आणि हिस्टामिन 200 च्या वर. नाकाने हे पकडता येत नाही, कारण हिस्टामिनला वास नसतो.

उकळून, तळून किंवा गोठवून हिस्टामिन जातं का?

नाही. ते उष्णतेला दाद देत नाही, म्हणून डबाबंद माशातही टिकतं. गोठवल्याने जंतू थांबतात, पण आधी तयार झालेलं हिस्टामिन तसंच राहतं आणि विकरही बऱ्याच अंशी टिकतं. धुण्याने, मीठ-हळद लावण्यानेही काही होत नाही. खाणाऱ्याला काही मिनिटांत ते काही तासांत तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर गांधी उठणं, धडधड असा त्रास होतो. डॉक्टरलाही बऱ्याचदा ती माशाची ॲलर्जी वाटते, आणि मग घरात त्या माणसाचा मासा कायमचा बंद होतो. त्याच ताटातल्या तिघांना एकदम त्रास झाला तर ॲलर्जीपेक्षा हिस्टामिनचा संशय आधी घ्यावा.

नऊच मासे का तपासतात? एकत्र वाटून एकच चाचणी केली तर स्वस्त पडेल.

युरोपीय नियमात एका लॉटमधून 9 नमुने घेतात आणि ते वेगवेगळे तपासतात. तीन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात: नवांची सरासरी किलोला 100 मिलिग्रॅमच्या आत, 100 ते 200 च्या मधले नमुने जास्तीत जास्त 2, आणि 200 च्या वर एकही नको.

नऊ वेगळे कशासाठी, हे आकड्यांनी कळतं. हिस्टामिन सगळ्या माशांत सारखं होत नाही. क्रेटच्या तळाला बर्फात बसलेला मासा आणि वरच्या थरात उन्हात राहिलेला मासा यांच्यात दहापट फरक पडू शकतो. एकाच माशातही कल्ल्यांजवळचं मांस शेपटीकडच्यापेक्षा जास्त दूषित असतं. सगळं वाटून एक केलं की तो एक वाईट मासा सरासरीत हरवतो, आणि ताटात मात्र सरासरी वाढली जात नाही, एक मासा वाढला जातो. अमेरिकन पद्धतीत काही मासे एकत्र करून तपासायची मुभा आहे, पण मग मर्यादा त्या प्रमाणात खाली आणावी लागते. तीन मासे एकत्र केले तर एकाच माशाला लावलेल्या मर्यादेचा तिसरा हिस्सा धरायचा, कारण बाकीचे दोन अगदी स्वच्छ असू शकतात.

एखादा लॉट प्रत्यक्ष करून दाखवाल का?

असं धरा: पर्ससीन बोटीने संध्याकाळी पाच वाजता चार टन बांगडा ओढला. बर्फ होता अडीच टन मासळीपुरता. तांडेलाने खण भरून घेतला आणि उरलेला दीड टन डेकवर गोणपाटाखाली ठेवला, वरून समुद्राचं पाणी मारलं. बोट बंदराला रात्री एक वाजता लागली. तिथे सगळा माल एकत्र क्रेटमध्ये भरून वर बर्फ टाकला. सकाळी सात वाजता कारखान्याच्या दारात माशाच्या काट्याजवळचं तापमान 3 अंश, डोळे छान, कल्ले लाल. घेणाऱ्याने माल घेतला.

हिस्टामिनचे निकाल, किलोला मिलिग्रॅममध्ये: 18, 22, 35, 41, 27, 112, 64, 138, 30. बेरीज 487, सरासरी सुमारे 54. 100 च्या वर दोन, 200 च्या वर एकही नाही. लॉट पास. पण इथे ‘पास’ शब्दावर थांबू नका. सात नमुने 65 च्या आत आणि दोन 110 च्या पुढे, म्हणजे या क्रेटांत दोन वेगळ्या इतिहासांचे मासे मिसळले आहेत.

आता तोच माल, पण 138 ऐवजी नमुन्यात दुसरा मासा आला आणि त्याचा आकडा 215. बेरीज 564, सरासरी 62.7, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी आत. तरी लॉट नापास, कारण एक मासा 200 च्या वर गेला. व्यापारी म्हणतो, ‘अहो, सरासरी बघा ना!’ सरासरीने हा निकाल बदलत नाही. शिवाय दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ मासे काढून चांगले आकडे आले तरी पहिला निकाल पुसला जात नाही. वाईट मासा लॉटमध्ये आहे हे कळलेलंच असतं.

चूक कुठे झाली हे वेळांवरून दिसतं. पाच ते एक म्हणजे आठ तास. सकाळचे 3 अंश खरे होते, पण ते शेवटच्या सहा तासांबद्दल सांगत होते. म्हणून मी कारखान्यात आधी बोटीची नोंदवही मागतो, थर्मामीटर नंतर लावतो. जाळं किती वाजता वर आलं, शेवटचा क्रेट किती वाजता बर्फात गेला, या दोन वेळा नसतील तर डेकवरचा माल वेगळा लॉट म्हणून लावावा आणि त्याचे वेगळे नऊ नमुने घ्यावेत.

बर्फ किती लागतो?

कागदावर कमी, प्रत्यक्षात भरपूर. 30 अंशांवरचा एक किलो मासा शून्यावर आणायला सुमारे 105 किलोज्यूल उष्णता काढावी लागते, आणि एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल ओढून घेतो. म्हणजे फक्त थंड करायला किलोला तीनशे ग्रॅमच्या आसपास बर्फ पुरला पाहिजे. पण खणाच्या भिंती, हवा, गरम डेक हेही बर्फ खातात, म्हणून आपल्या हवेत एकास एक धरतात. वरून टाकलेला बर्फ तळाच्या माशाला उपयोगाचा नाही. थर मासळीचा, थर बर्फाच्या चुऱ्याचा, आणि पाणी निघून जायला खाली भोक. लादी फोडून केलेले मोठे खडे माशाला नीट चिकटत नाहीत आणि कातडीला जखमा करतात.

बोंबलात फॉर्मेलिन सापडलं म्हणजे भेसळ?

इथे घाई करू नये. बोंबील आणि त्याच्या जातकुळीतले चोर-बोंबील यांच्या मांसात एक विकर ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड मोडून आपोआप फॉर्मल्डिहाइड तयार करतं, आणि गोठवून ठेवलं की ते आणखी वाढतं. म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा माशांसाठी मर्यादा इतरांपेक्षा बरीच सैल ठेवली आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने काढलेली कागदी पट्टीची किट बाजारात चाळणीसाठी ठीक आहे. निकाल शंकास्पद आला तर प्रयोगशाळेत आकडा काढायला हवा.

कोळंबीच्या डोक्यावर काळे डाग आले, फेकून द्यायची का?

डाग म्हणजे सडणं नव्हे. सालीतल्या विकरामुळे, कापलेलं सफरचंद काळं पडतं तसं ते होतं. दिसायला वाईट म्हणून भाव पडतो. वास आणि मांसाचा कडकपणा पाहून ठरवा.

घरी हिस्टामिन ओळखता येतं का?

चाचणीशिवाय खात्रीने नाही. कधीकधी जीभ चुरचुरते, मिरी चावल्यासारखी तिखट चव लागते आणि मालवणी कालवणात ती मसाल्यात लपून जाते. चव विचित्र वाटली तर तो तुकडा संपवू नका. घरच्यांच्या हातात आहे ते एवढंच: बांगडा बाजारातून आणला की कल्ले आणि आतडी लगेच काढा आणि मासा थंड ठेवा. जंतू तिथेच बसलेले असतात.

एकदा पास झालेला लॉट नंतर बिघडू शकतो का?

हो. गोठवलेला माल उणे 18 वर असेपर्यंत आकडा जवळपास स्थिर राहतो. बाहेर काढून टेबलावर चार तास वितळवला की टिकून राहिलेलं विकर पुन्हा कामाला लागतं आणि 112 चा मासा 200 ओलांडू शकतो. फ्रिजमध्ये वितळवल्यानेही पूर्ण हमी मिळत नाही, कारण थंडीतही हिस्टामिन करणाऱ्या फोटोबॅक्टेरियम गटातल्या जाती आहेत. पण त्या सावकाश काम करतात, आणि वितळलेला मासा त्याच दिवशी शिजवला तर त्यांना वेळ मिळत नाही.